चाळीस हात खालचं पाणी

उन्हाळ्यात धरणावर मासेमारी करणाऱ्या आम्हा लोकांची एक सवय आहे. सकाळी होडी आत नेली की प्यायच्या पाण्याची बाटली दोरीला बांधायची, तिच्या गळ्यात अर्ध्या शेराचा दगड अडकवायचा आणि चाळीस हात दोरी खाली सोडून द्यायची. दुपारी जाळी ओढून अंगातून घामाच्या धारा लागल्या की ती वर घ्यायची. फ्रीजमधून काढल्यासारखी नसली तरी तोंडाला गोड लागावी इतकी गार निघते. वरचं पाणी मात्र मे महिन्यात अंघोळीला काढल्यासारखं कोमट असतं.

ही सवय मला माझ्या जोडीदाराने लावली. जोडीदार म्हणजे होडीतला भागीदार. सतरा वर्षं आम्ही एका होडीत बसलो, तो वल्ह्यावर आणि मी जाळ्यावर. तोंडाने मी फाटका, तो मुक्यासारखा. मी भांडणं लावायची आणि त्याने ती मिटवायची, असा आमचा संसार होता.

त्या मे महिन्यात त्याची बहीण माहेरपणाला आली होती. तिचा नवरा, आम्हा सगळ्यांचा दाजी, विट्याकडचा. सोनं गाळायच्या दुकानात दूर कुठेतरी उत्तरेत असायचा आणि वर्षातून एकदा यायचा. आदल्या संध्याकाळी मेहुण्या-दाजीची चांगलीच जुंपली होती. बहिणीला तिकडे परमुलखात न्यायचं की नाही, यावरून. माझ्या जोडीदाराने आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला आणि तो नेमका सगळ्या आळीने ऐकला.

सकाळी राग निवला. दाजी म्हणाला, मला धरण दाखव. मी त्या दिवशी साताऱ्याला जाळ्याचा दोरा आणायला गेलो होतो. दोघेच होडीतून गेले आणि दुपारी एकटा माझा जोडीदार परत आला, अंगावरचे कपडे ओले, दातांवर दात वाजत असलेले.

त्याने सांगितलं ते एवढंच होतं. दाजीला तहान लागली. बाटली वर घ्यायला तो स्वतःच वाकला, दोरी मनगटाला गुंडाळून ओढायला लागला, होडी कलली आणि तो डोक्यावर पाण्यात गेला. दाजीला पोहता येत नव्हतं. जोडीदाराने तीन वेळा बुडी मारली, पण खाली गेलं की पाणी एकदम गार लागतं, छाती आवळते, आणि हाताला काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विट्याकडून दोन गाड्या भरून माणसं आली. दाजीचा थोरला भाऊ सगळ्यांच्या पुढे होता. पैलवानी अंग, पांढरा शर्ट, डोळे कोरडे. पोलीस आदल्या दिवशीच नोंद करून गेले होते. भावाने मला विचारलं, तू इथला जाणता आहेस, काय होईल ते सांग.

मी छाती फुगवून सांगितलं. पाणी कुणाचं ठेवत नाही, पाण्यात असेल तर तिसऱ्या दिवशी वर येतोच. हे मी कृष्णेच्या काठावर लहानपणापासून ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं होतं. नदीच्या डोहात बुडालेला माणूस तिसऱ्या दिवशी फुगून वर येतो, त्यात चूक काहीच नव्हती. चूक अशी की मी नदीचा हिशेब धरणाला लावला.

शोध आम्हीही घेतला. होडीतून गळ टाकले, ते लोखंडी आकडे दोरीला बांधून ओढतात ते. पण उन्हाळ्यात आमच्या जाळ्याच्या दोऱ्या आखूड असतात. मे महिन्यात तीस फुटांच्या खाली मासा नसतो, म्हणून कुणी जाळं खाली सोडत नाही, आणि लांब दोऱ्या घरात माळ्यावर पडलेल्या असतात. जोडीदाराने दाखवलेली जागा जुन्या नदीच्या पात्रावर होती, तिथे शंभर फुटांच्या आसपास पाणी. माझा गळ पन्नास फुटांवर नुसता लोंबकळत होता, तळाला लागतच नव्हता. मला ते कळत होतं. पण तिसऱ्या दिवशी वर येणारच आहे, मग कशाला उगाच माळा उपसायचा, असा माझा शहाणपणा.

तिसरा दिवस उजाडला. काठावर दोनशे माणूस. ऊन चढलं, दुपार कलली, पाण्यावर एक बुडबुडा नाही.

थोरला भाऊ माझ्याजवळ आला. म्हणाला, तूच म्हणालास, पाण्यात असेल तर वर येतो. आला नाही. म्हणजे पाण्यात नाही. मग माझा भाऊ कुठे आहे?

माझ्याच शब्दात मी अडकलो होतो. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनातही पाल चुकचुकली. सतरा वर्षांच्या सोबत्याबद्दल. दाजी बुडायच्या आदल्या संध्याकाळचा त्याचा चढलेला आवाज आठवला आणि वाटलं, याने मारून पुरला तर नाही?

भावाने जोडीदाराला बकोटीला धरून पाण्याच्या कडेला आणलं आणि पुन्हा सांगायला लावलं. त्याने बाटलीची गोष्ट पुन्हा तशीच सांगितली. भावाने खाली वाकून पाण्यात हात घातला. मे महिन्याचं पाणी, काठाजवळचं तर नुसतं तापलेलं. तो हात त्याने सगळ्यांना दाखवला.

"ह्या पाण्यात बाटली गार व्हती व्हय रं? चा करून पाजतोस का आमाला?"

विट्याकडची माणसं दुष्काळी मुलखातली. त्यांनी आयुष्यभर पाणी पाहिलं ते विहिरीचं नाहीतर टँकरचं. त्यांना ते खोटंच वाटणार. जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं. एवढंच. त्याला वाटलं असेल, हा बोलेल.

मी पुढे झालो आणि त्याच्या कानफटात मारली. पहिली थप्पड माझी होती. खरं सांग, म्हणून ओरडलो. स्वतःची लाज झाकायला माणूस केवढ्या मोठ्याने ओरडतो.

मग जणू धरणच फुटलं. थोरल्या भावाने त्याच्या पोटात लाथ घातली, कुणीतरी आमच्याच होडीतलं वल्हं उचललं. वल्ह्याचा फटका खांद्यावर बसला तो आवाज ओलं लाकूड फोडल्यासारखा होता. तो खाली पडला तरी मारत होते. त्याची बहीण, जिचा नवरा गेला होता, ती भावाच्या अंगावर आडवी पडली. तिला केसाला धरून बाजूला फेकलं. एक फटका त्याच्या तोंडावर बसला आणि डाव्या डोळ्यातून रक्त पाण्यासारखं वाहायला लागलं. तो एकदाही ओरडला नाही, आणि याचाच त्यांना जास्त राग येत होता. मी तिथेच उभा होतो. गावातल्या चार म्हाताऱ्यांनी मध्ये पडून त्याला ओढून काढलं आणि साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी गाडीत बसलो नाही.

विट्याची माणसं हटली नव्हती. उद्या दवाखान्यात जाऊन प्रेत कुठे पुरलंय ते त्याच्याकडून काढणार, नाहीतर त्याला खलास करणार, असं थोरला भाऊ उघड बोलत होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी होडी काढली. घरात बसवत नव्हतं. हाताच्या सवयीने बाटली बांधली, दगड अडकवला, चाळीस हात दोरी सोडली. थोडी जाळी ओढली. त्यात मासे होते, होडीच्या फळीवर पडले तसे उन्हात तासाभरात फुगायला लागले. बर्फ आणायचा विसरलो होतो.

मग बाटली वर घेतली आणि तोंडाला लावली.

गार पाणी घशातून खाली गेलं आणि मी तसाच बसून राहिलो. बर्फातला मासा चार दिवस फुगत नाही, हे मी रोज विकताना बघतो. उन्हातला तासाभरात फुगतो, हे समोर पडलं होतं. मग वर कोमट आणि खाली गार अशा पाण्यात तळाला गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी कसा फुगेल? नदी उथळ, वाहती, वरपासून खालपर्यंत एकच. धरणाचं तसं नाही.

धरणावरचे एक साहेब दरवर्षी दोरीला यंत्र बांधून पाण्याची गर्मी मोजतात. त्यांना मी पुढे विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं. ऊन वरच्या थरालाच तापवतं, तापलेलं पाणी हलकं, ते वरच तरंगतं. वारा घुसळतो तोही तेवढंच. थंडीतलं गार, जड पाणी खाली तसंच बसून राहतं. दोघांच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो, तिथे थोड्याच फुटांत गर्मी झपकन उतरते. वरचं जड होत नाही तोवर खालचं वर येत नाही. म्हणून खालच्या पाण्याला ताजी हवा मिळत नाही, आणि म्हणून तिथे मासा नसतो. थंडीत वरचं पाणी निवलं की मग दोन्ही एक होतात. खाली गारवा, त्यावर शंभर फूट पाण्याचा दाब. पोटात वायू धरतो उशिरा, आणि धरला तरी दाबून राहतो. माणूस आज ना उद्या आला असता, पण तिसऱ्या दिवशी नाही.

त्या सकाळी मात्र मी होडी काठाला लावून धावत घरी गेलो, माळा उपसला, सगळ्या लांब दोऱ्या एकाला एक जोडल्या. थोरल्या भावाच्या पायाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, दोन दिवस दे, दवाखान्यात जाऊ नको. त्याने मला लाथ मारली. मग ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं, ते अजून गार होतं. तो होडीत येऊन बसला.

चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी दुपारी गळ जड झाला.

दाजी वर आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत होता. वास होता, पण पाच दिवसांचा नव्हता. हात लावला तर अंग गार, कोमट पाण्यातून वर आलेलं असूनही. उजव्या मनगटाला नायलॉनची दोरी तीन वेढे घेऊन रुतली होती. मी ती ओढत गेलो. टोकाला दगड होता आणि दगडाला बांधलेली बाटली, झाकण लावलेली, काठोकाठ भरलेली.

थोरल्या भावाने ती हातात घेतली. गालाला लावली. मग होडीच्या काठावर आपलं डोकं आपटायला लागला, कपाळ फुटेपर्यंत. मी त्याला अडवलं नाही. मला तेही सुचलं नाही, की मुद्दामच अडवलं नाही, हे अजून ठरत नाही.

डॉक्टरांनी बुडून मृत्यू म्हणून लिहून दिलं. दाजीच्या अंगावर माराची खूण नव्हती. मारहाणीचं प्रकरण नात्यागोत्याच्या माणसांनी बसून मिटवलं.

मी दवाखान्यात गेलो. जोडीदाराच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. तो डोळा परत आला नाही. बहीण उशाशी बसली होती, ती उठून बाहेर गेली. मी सगळं सांगितलं. दाजी सापडला, दोरी सापडली, बाटली सापडली, थोरला भाऊ तुझ्या पाया पडायला येणार आहे. बोलताना माझंच मला बरं वाटत होतं, जणू मी त्याला सोडवून आणलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग चांगला डोळा माझ्याकडे वळवला.

"त्या विट्याच्या मानसांनी नव्हतं पेलं ते पाणी," तो म्हणाला. "तू तर रोज पीत हुतास की रं."