ढेमशीचा उपास

आमचे शेजारी चंपतराव एस.टी.त कंडक्टर होते. एकतीस वर्षं नागपूर-काटोल गाडीवर. रिटायर झाले अन् बोलणंच सोडलं म्हणा ना! आपण जयभीम घातला की मान हलवायची, संपलं. माणूस मात्र शब्दाचा पक्का. म्हणून मे महिन्यात नातीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघालो, तेव्हा किल्ली त्यांच्याच हाती दिली.

सोबत कागद. कुंड्यांना सातच्या आत पाणी, तेही ड्रममधलं. टाकीचं पाणी उन्हानं उकळतं, मुळं शिजतात. आत शिरल्यावर आधी दार लावायचं, मग मांजरीला, ढेमशीला, हाक. सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी कोरडं खाणं, पाण्याचं भांडं रोज धुवायचं. खाली जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर. चंपतरावांनी कागद दोनदा वाचला, तिकिटासारखी घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी फोन आला. "दादाजी, ढेमशी खाऊन नाही राहिली. काल बी नाही, आज बी नाही. कपाटामागं बसली."

तिसऱ्या सकाळीही वाटी तशीच. डॉक्टर म्हणाले, मांजरानं दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर लिव्हरवर येतं. दुपारपर्यंत पाहा, नाही तर घेऊन या. पण कपाटामागून काढणार कसं? हात घातला तर चंपतरावांच्या मनगटावर ओरखडे. अकरा वर्षांची म्हातारी मांजर. परतीची गाडी उद्याची.

"काही लिहायचं राहिलं काय गा?" चंपतरावांनी विचारलं.

"सगळं लिहिलं हाय, वाटी, वेळ..."

माझ्या बायकोनं, पार्वतीबाईनं, मागून फोन ओढला. "चंपतभाऊ, हे काय सांगतील! ढेमशी जेवते तवा हे तिच्यापाशी बसून बडबडतेत. लहानपणीच्या म्हशीपासून सुरू होतेत. मुक्यानं ते मांजर कधी जेवलंच नाही."



"मले गोष्टी येत नाही वहिनी."

"जे येते थे बोला!"

फोन जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. खाकरणं. अन् मग, पार्वतीबाईच्या हातातून मी फोन घेतला तर, अहो काय कंडक्टरी आवाज! "चला, फेटरी, फेटरी! मागं सरका, मागं जागा हाय! दारात उभं नाही राहायचं बाई! कळमेश्वरवाले पुढं या!"

आम्ही दोघं कानाला कान लावून. तीनदा कळमेश्वर आलं. काहीच नाही. चौथ्यांदा आवाज मध्येच हळू झाला.

"बाहेर आली," ते कुजबुजले. मग वाटीतून कुरुम्, कुरुम्. मीही ऐकलं.

"चंपतराव, उपकार झाले गा! एक गंमत सांगतो, आमच्या गावी..."

"फोन ठेवा दादाजी. काटोल अजून दूर हाय. गाडी थांबली तर उतरून जाईल थे."