साडेपाच फुटांतल्या महालक्ष्म्या

न मावणारी वस्तू या जगात नसते, नीट न मोजलेली जागा तेवढी असते, या एका तत्त्वावर आमच्या मावससासऱ्यांचं आजवरचं सगळं आयुष्य उभं आहे. आणि त्या तत्त्वापायी आमच्या घरातल्या चार माणसांना सणासुदीचे अडीच दिवस शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात काढावे लागले, तरी त्याला तडा गेलेला नाही. हे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. मूळचे बिदरकडचे, पण चाळीस वर्षं हैदराबादच्या बरकतपुऱ्यात मुरलेले. जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी झाली. निवृत्त होताना खात्यानं त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि सवय तेवढी काढून घ्यायची विसरलं. तेव्हापासून सदऱ्याच्या खिशात पोलादी टेप असतो आणि दिसेल त्याचं माप निघतं. रिक्षात तिघं बसायचे असले की आधी सीट मोजून प्रत्येकाच्या वाट्याला किती इंच येतात ते जाहीर होतं. सुलतान बाजारातल्या एका कापडवाल्याची मोजपट्टी त्यांनी अर्धा इंच कमी भरवून दाखवली, तेव्हापासून तो दुकानदार त्यांना लांबून बघूनच खुर्ची मांडतो आणि कापड त्यांनाच मोजायला देतो. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा पोह्यांच्या आधी यांनी मला भिंतीला टेकून उभं केलं होतं. माहितीपत्रकात पाच फूट नऊ इंच लिहिलं होतं. मी अर्ध्या इंचानं कमी भरलो. त्यांनी टेप पुन्हा लावून पाहिला. मग ते म्हणाले, "हौ, चालतंय. चपला घालून धरू." माझं लग्न असं चपलांवर जमलं.

आम्ही परभणीचे. नोकरीनं मला हैदराबादेत आणून टाकलं आणि चिक्कडपल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक हॉल आणि एक स्वयंपाकघर असं घर मिळालं. दोन वर्षं झाली तरी समोरच्या दाराशी आमची ओळख मान हलवण्यापलीकडे गेली नव्हती. सणाला आम्ही परभणीला जायचो, विशेषतः भाद्रपदात, कारण आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या असतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, त्यांची दोन बाळं. धान्यानं भरलेल्या पत्र्याच्या कोठ्या हे त्यांचं धड, त्यावर लुगडी, दागिने आणि वर पितळी मुखवटे. आईनं त्या बत्तीस वर्षं एकटीनं उभ्या केल्या. मग वडील गेले, त्यानंतर आईचं मनगट मोडलं आणि ती एका दिवशी फोनवर म्हणाली, "लक्ष्म्या गावाकडं तुझ्या काकूला देऊन टाकते. एकदा दिल्या की दिल्या. तुमच्या त्या खुराड्यात त्यांना कुठं कोंडू?"

महालक्ष्म्या एका वर्षासाठीही चुकवता येत नाहीत, आणि एकदा दुसऱ्या घरी गेल्या की परत मागता येत नाहीत. बायकोनं हे मावशीला सांगितलं. अर्ध्या तासात मावससासरे दारात हजर.

"विहीणबाईंना सांगा, फिकर करू नका," ते टेप ओढत म्हणाले. "महालक्ष्म्या येतात. जागा मी काढतो."

हॉल दहा बाय अकराचा. एका भिंतीत मुख्य दार, दुसरीत गॅलरी, तिसरीत स्वयंपाकघर आणि खोली. उरली पश्चिमेची भिंत. तिच्या कोपऱ्यात बाथरूमचं दार, घरातलं एकमेव. ते सोडून साडेपाच फूट भिंत मिळत होती आणि तिला पाठ लावली की देवी पूर्वेला तोंड करून उभ्या राहतात, म्हणजे शास्त्रालाही हरकत नाही. त्यांनी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढला. साडेपाच फुटांचा पाट, कोठ्यांचा घेर, लुगड्यांचा फुगारा, पुढे नैवेद्याची ताटं, पूजेला बसणाऱ्याचे गुडघे, सगळं त्यात होतं. सोफा गॅलरीत उभा केला, टीव्ही पलंगाखाली गेला, बाथरूमच्या दारावर बायकोच्या जुन्या जरीच्या साडीचा पडदा ठरला. तो नकाशा मी फोटो काढून आईला पाठवला. आईला नकाशा कळला नाही, पण एवढ्या सोसानं कुणीतरी तो काढलाय हे कळलं. ती काचीगुडा स्टेशनावर उतरली ती मुखवट्यांची ट्रंक मांडीवर घेऊनच.

आवाहन अनुराधा नक्षत्रावर करायचं असतं. त्या दिवशी दुपारी दीडच्या आत. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर पाट मांडला, कोठ्यांत गहू-तांदूळ भरले. आईनं लुगड्यांच्या निऱ्या घातल्या, मावससासऱ्यांनी त्या निऱ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का ते पाहिलं. फुलोरा म्हणजे करंज्या, वेण्या, फण्या हे तळलेले दागिने. ते देवींच्या डोक्यावर दोरीनं टांगायचे असतात. दोरी बांधायला पडद्याची दांडीच होती आणि वारा लागून करंज्या हिंदकळू नयेत म्हणून तीन दिवस पंखा बंद, असा हुकूम निघाला. मग बायकोनं मुख्य दारापासून पाटापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढली. नेहमी ही पावलं ओसरीतून, माजघरातून, कोठारातून जातात. इथे ती नऊ भरली. आईनं मुखवटे ताम्हनात घेतले, आमच्या लहान लेकीनं ताटली वाजवली. "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी आली!" आईनं त्यांना स्वयंपाकघर दाखवलं, कपाट दाखवलं, गॅलरीतला उभा सोफाही दाखवला. मुखवटे बसले, अक्षता पडल्या, दोन्ही बहिणी त्या साडेपाच फुटांत अशा ऐसपैस उभ्या राहिल्या की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मावससासऱ्यांनी छाती इतकी फुगवली की तेवढी जागा मात्र नकाशात धरलेली नव्हती.

दहा मिनिटांनी लेक म्हणाली, "बाबा, बाथरूमचं दार उघडत नाहीये."

पडदा बाजूला केला. दार चार बोटं बाहेर येत होतं आणि चौकटीपुढे जरा आलेल्या पाटाच्या कडेला थडकत होतं. ओढून पाहिलं, पुन्हा चार बोटं. पाट इंचभर सरकवावा म्हणून मी हात घातला तर आई ओरडली, "हात लावशील! आवाहन झालंय. आता विसर्जनाशिवाय त्या जागच्या हलत नाहीत." दार काढावं म्हटलं तर बिजागऱ्या पाटाच्या बाजूच्या, आणि देवींच्या कानाशी हातोडी चालवायला आई तयार नव्हती. अनुराधा, ज्येष्ठा, मूळ अशी तीन नक्षत्रं आणि घरात चार माणसं.

सगळ्यांनी मावससासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी नकाशा उघडला. नकाशात ते दार आत उघडत होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, बिजागरीवरून बोट फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गलती झाली. माझीच."

पण गलती माझी होती. कारण पावसानं फुगलेलं जुनं दार घरमालकानं आठवड्यापूर्वीच बदललं होतं. नवं प्लास्टिकचं दार बाहेर उघडणारं बसवताना मी तिथेच फोनवर बोलत उभा होतो. घरात तो नकाशा नीट पाहिलेला मी एकटाच, आणि कामाच्या गडबडीत त्यांना ते सांगायचं राहिलं. आत्ता सांगावं म्हणून तोंड उघडलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

आई म्हणाली, "तरी मी म्हणत होते, या घरात..." एवढंच. पुढचं वाक्य लक्ष्म्या गावाकडच्या काकूच्या नावावर करणार होतं.

अखेर बायकोनं समोरचं दार वाजवलं. तिथल्या तेलुगू बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी आधी अडचण ऐकली, मग आमच्या दारातून आत डोकावल्या आणि अडचण विसरून हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे श्रावणात कलशाला मुखवटा लावून, साडी नेसवून वरलक्ष्मी मांडतात. "लेकिन ये दो-दो क्यूं?" त्यांनी विचारलं.

"बहिणी आहेत," आई मराठीतच म्हणाली. "एकीला एकटं कसं बोलवायचं?"

त्यांना ते बरोबर समजलं. त्या म्हणाल्या, "घरमें देवी आयी तो बाथरूम क्या बडी चीज है, अम्मा? पांच बजे गीजर चालू रखती मैं."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मजल्यावर वेगळाच सोहळा सुरू झाला. आईला आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, कुणाला न शिवता समोरच्या घरातून आपल्या घरात यायचं होतं. मावससासरे त्यासाठी बरकतपुऱ्याहून साडेपाचलाच आले आणि जिन्याच्या तोंडाशी हात आडवा करून उभे राहिले. दूधवाला थांबला, खालच्या मजल्यावरचे फिरायला निघालेले आजोबा थांबले. "जरा सबर करा जी, देवीचं सोवळं जातंय," असं ते प्रत्येकाला सांगत होते, आणि थांबलेला प्रत्येक जण आत डोकावून नमस्कार करून जात होता.

नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. आमच्या पंधरा झाल्या होत्या. आईचा जीव अंबाडीसाठी तुटत होता, कारण ज्वारीची आंबील आणि अंबाडीची भाजी नसेल तर महालक्ष्म्या जेवल्या असं आमच्याकडे मानत नाहीत. समोरच्या बाईंनी ते ऐकलं, "अंबाडी" म्हणजे काय ते पानाचा आकार हातानं काढून समजून घेतलं आणि हसत सुटल्या. "गोंगूरा! अम्मा, ये तो हमारे यहां रोज का है!" दहा मिनिटांत जुडी आली. आईनं ती निवडता निवडता माझ्या बायकोला विचारलं, "यांना आज सवाष्ण म्हणून जेवायला सांगू का गं?" परभणीत सवाष्णीचं आमंत्रण आठ दिवस आधी, नातं-गोतं पाहून जायचं. इथे ते अंबाडीच्या जुडीवर गेलं.

पुरणाच्या सोळा दिव्यांनी आरती झाली, सोळा गाठींचे हळदीचे दोरे देवीपुढे ठेवले, संध्याकाळी सबंध इमारत पंख्याविना घामाघूम होत हळदीकुंकवाला येऊन गेली. फक्त मावससासरे भिंतीला टेकून गप्प बसले होते. त्यांनी दोनच पुरणपोळ्या खाल्ल्या. मावशी काळजीत पडली. एरवी दोन पोळ्या हे त्यांचं चवीचं माप.

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला. आईनं दोरे आमच्या गळ्यात बांधले, अक्षता टाकून मुखवटे किंचित हलवले आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी याच घरी या गं बायांनो." मग मुखवटे ट्रंकेत ठेवून तिनं ट्रंक आमच्या कपाटात सरकवली आणि किल्ली सुनेच्या हातात दिली. बाथरूमचं दार उघडलं तेव्हा कुणी तिकडे वळूनही पाहिलं नाही.

मावससासऱ्यांना रिक्षापर्यंत सोडायला मी खाली गेलो. दुसऱ्या मजल्यावर मला राहवेना. "काका, चूक तुमची नव्हती. दार नंतर बदललं. मी सांगायला विसरलो."

ते पायरीवर थांबले. "मालूम आहे, जावईबापू. बिजागरीचे स्क्रू कोरे होते, चकाकत होते. त्याच मिनिटाला समजलं."

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"विहीणबाईंच्या मनात गुस्सा आला होता. तो कुणावर तरी उतरणार. तुमच्यावर उतरला असता तर लक्ष्म्या गावाला गेल्या असत्या. मी काय, पाहुणा." मग कठड्याला धरून एक पायरी उतरले. "पोळ्या मात्र गेल्या. नाराज दिसायचं तर पोटभर कसं खाणार?"

यंदा आम्ही मोठ्या घरात आलो आहोत. लिफ्ट आहे, बाथरूम तीन आहेत, महालक्ष्म्यांसाठी एक आख्खी खोली आहे. मावससासऱ्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मी त्यांना गाडीतून आणलं, आमच्या लेकीनं हात धरून खुर्चीवर बसवलं. आवाहन वेळेत झालं. कुणाला शेजारी जावं लागलं नाही, जिन्यात कुणी थांबलं नाही, संध्याकाळी आमंत्रण दिलेले तेवढे लोक येऊन गेले. मावससासरे देवींकडे बघत बसले होते. मी विचारलं, "काका, मांडणी बरोबर झालीय ना?"

"मांडणी ठीक आहे," ते म्हणाले. "जागाच जरा जास्त झाली."