परीक्षेला इतके दिवस बाकी

तलाठी भरतीची तयारी करायला मी वणीत खोली घेऊन राहत होते. क्लासचे सर रोज सकाळी ग्रुपवर मेसेज टाकत, "परीक्षेला ३१ दिवस बाकी. आजचे टार्गेट: पंचायत राज, पूर्ण." आदल्या दिवशीचं टार्गेट अर्धंच राहिलेलं असे, त्यामुळे चहा गोड लागत नसे. ग्रुपवर फक्त सरच लिहू शकत, म्हणून गाऱ्हाणंही सांगता येत नसे.

मग परीक्षा पुढे ढकलली. नवी तारीख जाहीर झाली नव्हती. तरी दुसऱ्या सकाळी मेसेज आला, "३० दिवस बाकी." माझी झरी जामणीची मैत्रीण तडक सरांकडे गेली. मागोमाग मीही.

"सर, तारीखच नाही, तं हे दिवस कायचे मोजून राह्यले?" तिनं विचारलं.

"मेसेज बंद केला तं पोरं गावाले जातात," सर म्हणाले. इतकं खरं ते वर्गात कधी बोलले नव्हते.

"अन् शून्य आल्यावर?"

"शून्य येऊच देत नाही मी."

शब्द त्यांनी पाळला. आकडा दोनवर आला आणि दुसऱ्या दिवशी थेट शंभर झाला. टार्गेट पुन्हा पहिला धडा. मैत्रीण ग्रुपमधून बाहेर पडली आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोडवू लागली. मी आज्ञाधारकपणे पहिला धडा पुन्हा वाचला.

सरांचे अठ्ठ्याऐंशी दिवस बाकी असताना खरी तारीख आली, ती बाराच दिवसांवरची. त्या सकाळचं टार्गेट होतं, "इतिहास, भूगोल, गणित, पूर्ण."

मैत्रीण पास झाली. सरांनी तिचा फोटो क्लासच्या दारावर लावला.