दोन किलो, दोन लिटर

आमच्या थोरल्या दिरांना चूक कबूल करता येत नाही. पंधरा वर्षं ते साहेब आहेत, तेवढी वर्षं घरातही साहेबच आहेत. त्यांच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या पुतणीच्या, साखरपुड्याला जे झालं ते आठवलं की माझ्या डोक्यात आजही तिडीक जाते.

लापशी सासूबाई करणार होत्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. भवानीनगरच्या आसपास कुणाकडेही कार्य असलं की लापशीच्या पातेल्याशी आत्याच उभ्या. पन्नास माणसांचं त्यांचं माप ठरलेलं: लापशीचा रवा चार किलो, गूळ तीन, तूप एक आणि पाणी बारा लिटर. पाणी रव्याच्या तिप्पट, हे त्या हसत हसत कुणालाही सांगायच्या.

सकाळी बारामतीहून व्याह्यांचा फोन आला. पन्नास ठरलेले, पंचाहत्तर येताहेत. भावकी सोडून कसं चालेल म्हणे! आत्या डगमगल्या नाहीत. "चाराचे सहा घ्या," एवढंच म्हणाल्या. मी रवा मोजून दिला आणि पुतणीला साडी नेसवायला आत गेले. तीच माझी चूक.

मागं भाऊजी खुर्ची टाकून चुलीपाशी बसले. रवा दोन किलोनं वाढला, म्हणजे सगळंच दोननं वाढवायचं, असा त्यांनी निकाल दिला. गूळ पाच, तूप तीन, पाणी चौदा. वेलदोड्यात दोन किलो वाढवले नाहीत हेच नशीब! जाऊबाई तिथंच होत्या, त्यांनी मला नंतर सगळं सांगितलं.

"पानी कमी वाटतंय रं," आत्या म्हणाल्या होत्या.

"रव्यात दोन किलो, पान्यात दोन लिटर. सरळ हाय की. तू कशाला डोकं चालवतीस?"

आणि आत्यांनी ऐकलं. हजारो माणसं जेवू घातलेल्या बाईनं कधी चहा न केलेल्या माणसाचं ऐकलं, कारण तो मुलगा होता आणि शिकलेला होता.

मी बाहेर आले तेव्हा पातेल्यात गूळ पडला होता. उलथनं घालून बघितलं तर वर तुपाचा तवंग आणि खाली रवा कचकचीत.

"पाणी किती घातलं?"

"चौदा," भाऊजी म्हणाले.

"दीडपट माणसं, तर सगळंच दीडपट नको का? बारा लिटरचे अठरा होतात, भाऊजी. गूळ साडेचार, तूप दीड."

"हितं शाळा भरवू नकोस."

मी उकळतं चार लिटर पाणी ओतलं, झाकण ठेवलं, जाळ वाढवला. उपयोग होणार नव्हता. एकदा गूळ पडला की रवा शिजत नाही, हे मला आत्यांनीच शिकवलं होतं. त्या बाजूला उभ्या होत्या, पातेल्याकडे बघतही नव्हत्या.

पंगत बसली. नवऱ्या मुलाच्या मावशीनं दुसऱ्याच घासाला हात थांबवला. "लापशी टचटचीत र्‍हायली वाटतं."

भाऊजी वाढत होते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आई थकली आता. तिच्या हातून होत न्हाय पयल्यासारखं."

माझ्या हातातली भाताची परात मी दाणकन खाली ठेवली. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात आत्यांनी माझं मनगट धरलं, चांगलं दुखेपर्यंत.

"व्हय," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "माझंच चुकलं. पान्याचा अंदाज गेला माझा."

मला भाऊजींचा राग आलाच, पण त्याहून जास्त आत्यांचा आला. आणि परात खाली ठेवून गप्प बसले म्हणून स्वतःचा सगळ्यात जास्त. रात्री मी आत्यांना फाडकन विचारलं, खोटं का बोललात. त्या म्हणाल्या, "पोरीच्या साखरपुड्यात तिच्या बापाला खाली बघायला लावू व्हय?" मग पाठ फिरवून झोपल्या. साखरपुडा नीट पार पडला. भाऊजी सकाळी काही न झाल्यासारखे कामावर गेले.

त्यानंतर लापशीसाठी आत्यांना बोलवायला कुणी आलं नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरची एक बाई आली. तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, दोनशे माणसं येणार होती. आत्या पदर सावरून पुढं सरकून बसल्या. बाईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती मला म्हणाली, "लापशीचं तुमी बघता का?"

"माप आत्यांना विचारा," मी म्हणाले. "दोनशेला पाणी किती ते त्या आत्ता सांगतील."

"अठ्ठेचाळीस लिटर," आत्या लगेच म्हणाल्या.

बाई हसली आणि माझ्याकडेच बघत हळू आवाजात म्हणाली, "न्हाय, पर तुमीच मोजा. त्यांचा अंदाज गेलाय म्हणं, त्याच म्हणाल्या हुत्या."