शफीभाईंचं दुसरं नाव

फेब्रुवारी २००३ मध्ये आमच्या कंपनीतले चांदभाई आतार गेले. पहिल्या पाळीला निघताना छातीत कळ आली आणि दारातच बसले, ते उठले नाहीत. वरव्याच्या पुढं हायवेलगत रबराचे सुटे भाग करणारी आमची कंपनी. तिथं टाइम ऑफिसात मी हजेरी आणि पीएफचे कागद बघायचो. दुपारी कंपनीचा टेम्पो भरून आम्ही भोरला मातीला गेलो.

जनाजा उचलायची तयारी चालली होती. आमच्या प्रेस खात्यातला गेनबा दारात उभ्या असलेल्या एका वयस्कर माणसाच्या गळ्यात पडून म्हणाला, "चांदभाईंसारखा माणूस पुन्हा न्हाई हो व्हायचा!"

तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. तो माझ्या ओळखीचा होता. खरा चांद आतार तोच. जनाज्यात होता तो त्याचा धाकटा भाऊ, शफी.

आमच्या कंपनीत हे बहुतेक मला एकट्यालाच ठाऊक होतं.

१९७८ ला कंपनी सुरू झाली, तेव्हा सातवी पास माणसं हवी होती. शफीभाईंनी चौथीतून शाळा सोडलेली. थोरला भाऊ चांद सातवी पास होता. शफीभाईंनी भावाचा शाळेचा दाखला दिला आणि चांद गुलाब आतार या नावानं प्रेसवर उभे राहिले. पुढं दोन वर्षांनी चांदभाईंनी शाळेतून दुसरी प्रत काढली आणि वेल्ह्याकडं झेडपीच्या शाळेत शिपाई म्हणून लागले. एका दाखल्यावर दोघा भावांच्या नोकऱ्या. दोघंही राबणारे, कुणाचं काही चोरलेलं नाही, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नसावं.

मला कळलं ते वह्यांमुळं. कामगारांच्या मुलांना गुणपत्रिका बघून कंपनी दरवर्षी वह्या द्यायची. शफीभाईंची मुलगी अंजुम हुशार, तिच्याविषयी ते रोज सांगायचे, पण वह्या न्यायला कधीच आले नाहीत. मी एकदा फार आग्रह केला, तेव्हा त्यांनी मला कँटीनच्या मागं नेलं. "भाऊ, पोरीच्या कागदावर बापाचं नाव शफी हाय. हितं म्या चांद. कसा आणू?" मी कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षीपासून अंजुमला वह्या मी माझ्या पैशानं द्यायचो. त्यापलीकडं काही करायला हवं होतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

चाळिसावा दिवस झाल्यावर अंजुम कंपनीत आली. बारावी झालेली, घरी शिलाईचं मशीन चालवणारी, बावीस वर्षांची मुलगी. हातात प्लास्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि आईचं बँकेचं पासबुक. मी तिच्यासमोर तीन फॉर्म ठेवले. वीस नंबरचा पीएफसाठी, दहा-डी विधवा आईच्या पेन्शनसाठी, पाच-आयएफ विम्यासाठी. वारस म्हणून शफीभाईंनी बायकोचं नाव लावलेलं होतं, शमीम. तेवढं बरोबर होतं. पण खातं चांद गुलाब आतार यांचं आणि मृत्यूचा दाखला शफी गुलाब आतार यांचा.

"काका, मग आता?" तिनं विचारलं.

मी दार लोटून घेतलं आणि तिला एक वाट सांगितली. आज तिची लाज वाटते, पण तेव्हा दयेपोटीच सांगितली. "तुझे बडे अब्बा, चांदभाई, जिवंत आहेत. नाव त्यांचंच, दाखला त्यांचाच. नोकरी सोडली असं मी कागदावर दाखवतो, त्यांनी एकोणीस नंबरच्या फॉर्मवर सही केली तर पीएफ निघंल. तुमच्या हातात देतील ते."

तिनं तिन्ही फॉर्म पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाली, "मग अब्बा गेले असं कंपनीत कुठंच लागणार नाही?"

"नाही."

"आणि अम्मीची पेन्शन?"

"ती माणूस गेल्यावर बायकोला मिळते. चांदभाई तर हयात. विमाही नाही."

"मग नको," ती म्हणाली. "खरं आहे तेच मी लिहून देते. पंचवीस वर्षं काम केलंय त्यांनी. बघितलंय सगळ्यांनी."

आठ दिवसांनी तिचं पत्र आलं. रेघांच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, एच. आर. विभागाच्या व्यवस्थापकांच्या नावे. आधी त्या दारावर 'पर्सोनेल' अशी पाटी होती, नवे मालक आल्यावर 'एच. आर.' झाली होती. पत्र मीच आवक वहीत नोंदवलं.

"महोदया," तिनं लिहिलं होतं, "आपल्या कंपनीत प्रेस खात्यात चांद गुलाब आतार या नावाने काम करणारे कामगार हे माझे वडील शफी गुलाब आतार होते. शिक्षण कमी असल्यामुळे त्यांनी माझ्या चुलत्यांचा दाखला लावला होता. ही त्यांची चूक आहे आणि ती आम्ही मान्य करतो. पण काम त्यांनीच केले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे आपल्या मशीनमध्ये १९९१ साली गेली, त्याची नोंद आपल्याकडे असेल. दफन करताना ती दोन बोटे नव्हती, हे आमच्या मोहल्ल्यातील लोक सांगतील. पीएफच्या कागदावर वारस म्हणून माझ्या आईचे नाव आहे. तरी दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत असे पत्र आपण द्यावे, म्हणजे आईचा पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी यांचा निकाल लागेल. आपल्याशिवाय हे पत्र दुसरे कोणी देऊ शकत नाही."

एच. आर.च्या अश्विनी मॅडम पुण्याहून येणाऱ्या, वयानं अंजुमपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. पत्र वाचून त्यांनी मला बोलावलं. १९९१ चं अपघात रजिस्टर काढायला लावलं. त्यात नोंद होती: चांद आतार, डावा हात, दोन बोटे. मॅडमनी रजिस्टर मिटलं.

"मानसिंगभाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो. माझी नोकरीची चार वर्षं राहिली होती.

"मी एकच माणूस असं लिहून दिलं तर हेड ऑफिस विचारणार, खोट्या दाखल्यावर माणूस पंचवीस वर्षं ठेवला कसा? आणि नाही दिलं तर..." त्यांनी पत्र हेड ऑफिसला पाठवलं, सोबत स्वतःची शिफारसही जोडली. ती मी पाहिली आहे.

तीन महिन्यांनी हेड ऑफिसच्या वकिलांनी तयार केलेलं उत्तर आलं. टाइप मला करावं लागलं. 'शफी गुलाब आतार नावाची कोणतीही व्यक्ती आमच्या आस्थापनेत कधीही नोकरीस नव्हती. सबब आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही.' पाकिटावर भोरचा पत्ताही मीच घातला.

अंजुम ते उत्तर घेऊन पुण्याला पीएफ ऑफिसात गेली. तिथले साहेब नीट बोलले. म्हणाले, "बाई, पैसे इथंच आहेत, कुठं जात नाहीत. पण खात्यावरचा माणूस मेला याचा पुरावा नाही. दोन्ही नावं एकाची असं मालकाचं पत्र आणा, चुलत्यांचं प्रतिज्ञापत्र आणा."

प्रतिज्ञापत्रासाठी ती आणि तिची आई वेल्ह्याकडं चांदभाईंच्या घरी गेल्या. मीही सोबत होतो, वाटेत एसटीत चढलो होतो. चांदभाईंनी आम्हाला बसवलं, चहा दिला. मग भावजयीकडं न बघता म्हणाले, "शमीम, म्या लिवून दिलं की माझा दाखला त्यानं लावला, तर माझ्या शाळेत चौकशी हुईल. दुसरी प्रत कशाला काडली म्हनतील. माझी तीन वर्सं राहिलीत. पेन्शन गेली तर ह्या वयात म्या कुठं जाऊ?"

शमीमनी कप खाली ठेवला. अंजुमच बोलली. "बडे अब्बा, तुमचे पैसे तुम्हाला मिळायला हवेत. पण आमचे?"

"थांबा," चांदभाई म्हणाले. "तीन वर्सं थांबा. रिटायर झालो की कुठं म्हनशील तिथं अंगठा लावतो."

"तुम्ही सही करता," अंजुम म्हणाली. "सातवी पास आहात."

चांदभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यावर आम्ही उठलो. परतीच्या एसटीत माझ्या मनात सारखं येत होतं की मीही तेच म्हणतोय, तीन-चार वर्षं थांबा. फरक इतकाच की त्यांनी ते तोंडावर सांगितलं.

त्या तीन वर्षांत अंजुमनं तीन स्मरणपत्रं लिहिली. प्रत्येक वेळी तेच उत्तर गेलं, फक्त तारीख बदलून. अश्विनी मॅडम नोकरी सोडून गेल्या, जाताना फाईल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "एवढी हरवू देऊ नका." तीन वर्षं वर्गणी भरली नाही म्हणून पीएफचं खातं निष्क्रिय खात्यांत गेलं. एकदा अंजुमला पाहायला सासवडकडचे पाहुणे आले होते, आईकडं कोण बघणार म्हणून तिनंच नकार कळवला. शिलाई चालू होती, आईचा दमा चालू होता. त्यांच्या घरी गेलो की शमीम विचारायच्या, "भाऊ, साहेब काय म्हनलं?" मी म्हणायचो, "बघतायत."

चांदभाई मे २००६ ला निवृत्त झाले. बोलल्याप्रमाणं जूनमध्ये भोरला येऊन प्रतिज्ञापत्र करून दिलं. पण तोवर कंपनी विकायची बोलणी चालली होती आणि हेड ऑफिस जुन्या कुठल्याच कागदावर सही करायला तयार नव्हतं. नुसत्या चुलत्यांच्या प्रतिज्ञापत्रावर मालकाच्या पत्राशिवाय पीएफ ऑफिसचं भागेना. शेवटी तिथल्या साहेबांनीच सुचवलं, दोन्ही नावं एकाच माणसाची असं कोर्टाकडून ठरवून आणा. अंजुमनं भोरच्या कोर्टात दावा लावला. मी २००७ ला निवृत्त झालो आणि साक्षीला उभा राहिलो.

माझी साक्ष २००८ च्या जानेवारीत झाली. अपघात रजिस्टर, वह्या, सगळं सांगितलं. कंपनीच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला.

"हे तुम्हाला कामावर असतानाच माहीत होतं. मग मयताच्या मुलीचा अर्ज आला, तेव्हा तुम्ही कंपनीला का सांगितलं नाही?"

मी कोर्टाकडं बघत राहिलो. न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदार, उत्तर द्या."

"भीती वाटली," मी म्हणालो. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

त्यानंतर कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांच्या वकिलांनी कागद पाहायला मुदत मागितली. ती मिळाली. तेव्हापासून चार तारखा झाल्या, चारही पुढं गेल्या. पैसे अजून चांद गुलाब आतार यांच्या खात्यावर आहेत.

परवाच्या तारखेनंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर शमीम दम लागून बसल्या. अंजुमनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, मग वकिलाकडून पुढची तारीख विचारून आली.

"नोव्हेंबरची अकरा," ती म्हणाली.

"रमजान कधी हाय मग?" शमीमनी विचारलं.

"तो आधीच होऊन जाईल, अम्मी." तिनं आईला हाताला धरून उठवलं आणि दोघी हळूहळू एसटी स्टँडकडं निघाल्या. मी त्यांच्यासोबत कोपऱ्यापर्यंत गेलो.