पैलवानने सरळ केलेले हात

शवागारात स्ट्रेचरचं पुढचं टोक माझ्याकडे, मागचं पैलवानकडे. अंगावर काडीचं मांस नाही, म्हणून पैलवान. पण ओझं कमरेतून नाही, गुडघ्यांतून उचलायचं, हे मला त्यानेच शिकवलं.

त्या सकाळी पोलिसांनी एक प्रेत आणलं. तोंडावर चादर, हात कोपरात वाकलेले, गुडघे वर. आमचा ट्रे अरुंद. पैलवानने रोजच्या सवयीने जोर लावून कोपर आणि गुडघे सरळ केले. मेल्यावर ताठलेला सांधा असा जोराने मोडला की सैलच राहतो, पुन्हा ताठत नाही.

मग हवालदार म्हणाला, "सुतार आहे. त्याचा भाडेकरू पोरगा रात्रपाळी करून पहाटे आला आणि डोक्यात घातलं. भांडण होतंच."

पैलवानचा चेहरा उतरला. तो पोरगा म्हणजे त्याचा सख्खा भाचा.

माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मेलो रे. हातपाय सैल दिसले तर डॉक्टरबाई म्हणतील मरण ताजं आहे, पहाटेचं. पोरगा अडकला."

"मग सांग की."

"मामा म्हणून खोटं बोलतोय म्हणतील! नोकरीही जाईल."

डॉक्टरबाई आल्या. जबडा ताठ. कोपर उचललं, ते सैल. गुडघाही सैल. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पैलवान पुढे आला.

"बाई, कोपर-गुडघे मी सरळ केले. ताठ होते. आणि पकडलेला पोरगा माझा भाचा आहे."

"अहो, मी बघायच्या आधी?" बाई कडाडल्या. "आणि भाचा असेल तर तुम्ही इथे कशाला? दाराबाहेर व्हा!"

तो बाहेर गेला. दाराच्या काचेतून त्याचे डोळे तेवढे दिसत होते.

बाईंनी बोटं तपासली, मग घोटे. दोन्ही ताठ. प्रेत कुशीवर वळवायला सांगितलं. पाठीवर रक्त उतरून जांभळं पडलं होतं. जमिनीला टेकलेली खांद्याची पाती मात्र पांढरी. बाईंनी जांभळ्यावर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तरी रंग फिका झाला नाही. आतलं तापमानही बरंच उतरलेलं होतं.

हवालदार म्हणाला, "मग पहाटेच ना?"

"नाही. दोन-तीन तासांत एवढं होत नाही. ताठरता बोटा-घोट्यांपर्यंत पोचलीय, डाग पक्के झालेत. मरण काल रात्रीचं. नेमकी वेळ विचारू नका, अंदाजच देता येतो. आणि सांधे कोणी मोडले तेही अहवालात लिहिणार."

भाचा तेव्हा कारखान्यात, मशीनवर होता. पोलिसांनी मुकादमाला विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. संध्याकाळी पोरगा सुटला.

पैलवानला लेखी ताकीद मिळाली. त्याचं त्याला काही नव्हतं. बहिणीला फोन लावताना मात्र नंबर दाबता येईना; मीच लावून दिला. "ताई," एवढंच म्हणाला, आणि फोन माझ्या हातात देऊन खाली बसला.