देवमन तायडे यांची बुधवारची बैठक

अमरावतीच्या तारघरात देवमन तायडे यांच्याइतका घड्याळाला भिणारा माणूस मी पाहिला नाही. मी त्यांच्या हाताखाली तार शिकलो. बोलायला तुसडे, पण हात असा की त्यांची कट्ट-कडकट्ट ऐकून नागपूरवाले म्हणत, तायडे बसले वाटतं.

त्यांना हौशी रेडिओचा रीतसर परवाना होता. घरी लष्कराच्या भंगारातला जुना रिसीव्हर आणि स्वतः जोडलेला ट्रान्समीटर. त्यावर दर बुधवारी पाच जण तारेच्या भाषेत भेटत: अमरावतीचे देवमन, कोइम्बतूरच्या गिरणीतले रामलिंगम, कोलंबोचे शाळामास्तर परेरा, नैरोबीच्या रेल्वेतले पटेल आणि इंग्लंडातले हॅरल्ड. पाचही जण एकाच वेळी एकमेकांचा आवाज किती जोरात येतो ते टिपत. सूर्यावरच्या डागांचा हिशेब त्यातून लागतो म्हणे. मला त्यात फारसं कळत नसे, पण देवमन त्या पाचांना घरचीच माणसं मानत.

बैठकीची वेळ ठरवणं देवमनांकडे. रामलिंगमची पाळी सुटली पाहिजे, परेरांची शिकवणी आटोपली पाहिजे, पटेल तीन वाजेपर्यंत कामावर. सगळ्यांत अडचण हॅरल्डची. ते आंधळे. त्यांची मुलगी मार्गारेट शाळेत शिकवायची. दुपारी एकच्या सुट्टीत घरी येऊन मशीन लावून द्यायची आणि दोनच्या आत परत जायची. म्हणून त्यांच्या घड्याळाचा सव्वा वाजला की बैठक. आपल्याकडे उन्हाळ्यात पावणेसहा. ऑक्टोबरअखेर इंग्रज आपलं घड्याळ तासभर मागे घेत, मग आपल्याकडे पावणेसात.

मी चिडवत असे, "काका, लेकीच्या लग्नाचाही मुहूर्त इतका नाही पाहत कोणी!"

"हसू नोको. त्या माणसाले दिवसातून एकच तास भेटते. तो मी वाया जाऊ देऊ काय?"

दर ऑक्टोबरात ते चौघांना पत्र टाकत. रेडिओवाले ग्रीनिचची वेळ लिहितात. देवमन मात्र ज्याच्या त्याच्या घड्याळाची वेळ लिहीत. म्हणत, "डोकं मी चालवतो. त्यायनं फक्त येऊन बसावं."

अडुसष्ट सालीही पत्रं गेली. हॅरल्डना 'नेहमीप्रमाणे सव्वा', बाकीच्यांना एक तास उशिरा. पत्रं जाऊन आठवडा होत नाही तोच हॅरल्डनी कळवलं: एकतीस तारखेला माझं पोट फाडणार आहेत. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. तीसच्या बुधवारी सगळे नक्की या. देवमनांनी तारेवर तारा करून तिघांकडून होकार घेतला.

त्या बुधवारी मी पाच वाजल्यापासून त्यांच्याकडे होतो. पावणेसहाला मनकर्णाकाकूंनी चहा दिला. मशीन बंद होतं. देवमन हॅरल्डला काय सांगायचं ते कागदावर लिहीत होते, दोनदा खोडून पुन्हा लिहीत होते. साडेसहाला मशीन तापायला लावलं.

पावणेसातला रामलिंगम आले, परेरा आले, पटेलही आले. हॅरल्ड नाहीत. चौघांनी आळीपाळीनं हाका मारल्या. साडेसात झाले.

"जेवून घ्या आता," काकू म्हणाल्या.

"थांब वं. येईन तो."

आठ वाजता त्यांनी कानावरचे हेडफोन काढले. म्हणाले, "तब्येत जास्तच बिघडली असन." मीही हो म्हणालो.

पंधरा दिवसांनी मार्गारेटचं पत्र आलं. देवमनांनी ते माझ्यासमोर वाचलं आणि अर्ध्यावर माझ्या हातात दिलं. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी हॅरल्ड गेले होते. बुधवारी ते बरोबर सव्वा वाजता बसले. चाळीस मिनिटं एकेकाचं नाव घेऊन हाका मारत राहिले. कोणीच नव्हतं. पुढं तिनं सहज लिहिलं होतं: यंदा सरकारनं घड्याळं मागे घेतलीच नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी अंधारात शाळेला जावं लागणार.

म्हणजे त्यांचा सव्वा तो आपला पावणेसहा. आम्ही चहा पीत होतो, हातभर अंतरावर मशीन बंद होतं, आणि तो आंधळा माणूस तेव्हाच देवमनांना हाक मारत होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

पत्र कशासाठी लिहिलं होतं, ते शेवटी कळलं. मार्गारेटनं लिहिलं होतं: 'वडील म्हणाले, बाकीचे कामात अडकले असतील, पण देवमन वेळ चुकत नाही. तो नक्की आजारी आहे. मी परत आलो नाही तर त्याची विचारपूस कर. तर कृपया कळवा, आपली प्रकृती आता कशी आहे?'

देवमनांनी आतून पॅड आणलं. मी म्हणालो, "काका, लिहून द्या, ताप होता म्हणून. तिले काय कळते?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पहिली ओळ लिहिली: 'मी आजारी नव्हतो.'